रंगकामाच्या ग्राहकांचे व्हिडिओ घ्यायचेत: काय विचारावं, कसं शूट करावं?

ओटीवरची

माझा भाऊ रत्नागिरीत घरांचं रंगकाम घेतो. शहरातले फ्लॅट असतात, आणि मालगुंड, गणपतीपुळे, जयगड या पट्ट्यातली चिऱ्याची घरं. या घरांचे बरेच मालक मुंबईला असतात. किल्ली शेजाऱ्यांकडे, पैसे मोबाइलवरून, आणि काम फोटोवर बघायचं. नवीन माणूस फोन करतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की आम्ही तिथे नसताना तुम्ही काम नीट कराल कशावरून? फोटो पाठवले तरी समाधान होत नाही, कारण फोटोत प्रत्येक नवी भिंत चांगलीच दिसते.

म्हणून जुन्या ग्राहकांना बोलतं करून दीड-दोन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ करायचे ठरवलंय. शूटिंग मीच करणार. फोन बरा आहे, कॉलर माइक आणि स्टँड घेतलाय. पहिलं घर मालगुंडजवळचं आहे. मालक काका-काकू बोरिवलीला असतात. एप्रिलमध्ये आतून-बाहेरून काम झालं, तेव्हा ते दोघं एकदाही आले नव्हते. आता गणपतीला येतील तेव्हाच भेटतील.

मी काढलेले प्रश्न असे: आमची सेवा कशी वाटली? कामगारांची वागणूक चांगली होती का? काम वेळेत झालं का? रंगाचा दर्जा कसा वाटला? तुम्ही आम्हाला इतरांना सुचवाल का?

काय बदलू? आणि एका घरी साधारण किती वेळ मागावा?

सागरलाट

ताई, मी लग्नाचं शूटिंग करतो, म्हणून सांगतो. प्रश्न ठीक आहेत, पण उत्तरं तुम्हीच लिहून द्या. लोक कॅमेऱ्यासमोर गडबडतात. चार वाक्यं पाठ करून घेतली की अर्ध्या तासात मोकळं. शूट 4K आणि 60 फ्रेमवर करा, क्वालिटी दिसते. वेळ संध्याकाळी पाच-साडेपाचची. तो सोनेरी उजेड भिंतीवर पडला की घर काय दिसतं! आणि काम संपेल त्याच दिवशी व्हिडिओ घेत जा. तेव्हा घर कोरं असतं आणि माणूसही खुशीत असतो.

चौकट

मी चिपळूणला असते. शेतकरी, बचतगट, छोटे व्यावसायिक यांच्या मुलाखती शूट करणं हेच माझं काम आहे. सागरलाट म्हणतात तसं लोक गडबडतात हे खरं, पण पाठांतर हा त्यावर उपाय नाही. पाठ केलेलं वाक्य म्हणताना माणूस डोळे वर करून आठवत राहतो आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं.

आधी प्रश्नांबद्दल. ओटीवरची, तुमच्या पाचही प्रश्नांची उत्तरं मला इथे बसून देता येतात: छान, हो, हो, छान, नक्की. काका-काकू खोटं बोलणार नाहीत, पण प्रश्नानेच त्यांच्यासाठी एवढीच जागा ठेवली आहे. आणि या पाच उत्तरांत त्यांचं घर कुठेच नाही. तीच उत्तरं केटरिंगवाल्याच्या व्हिडिओलाही चालतील.

नवीन ग्राहकाची भीती काय, ते तुम्ही स्वतःच लिहिलंय: आम्ही तिथे नसताना काम नीट होईल का? मग काकांना त्या भीतीबद्दलच विचारा. "किल्ली देण्याआधी मनात काय काय आलं होतं?" यावर नुसतं 'छान' म्हणताच येत नाही. ते काहीतरी सांगतील. मागच्या वेळी कोणीतरी दोन हातांचे पैसे घेऊन एकच हात मारला असेल, किंवा फर्निचरवर डाग पडले असतील. त्यांचं हे बोलणं म्हणजेच तुमच्या पुढच्या ग्राहकाचं मन.

त्यानंतर क्रमाने जा. रंगाआधी घराची अवस्था काय होती, सगळ्यात वाईट भिंत कुठली? काम चालू असताना तुम्हाला बोरिवलीत काय कळत होतं, कसं कळत होतं? ठरलेल्या रकमेत फरक पडला का, पडला तर कशामुळे, आणि आधी विचारलं होतं का? गणपतीला येऊन दार उघडलंत तेव्हा पहिल्यांदा नजर कुठे गेली? आणि शेवटी, काही बिनसलं होतं का, मग त्याचं काय केलं?

एवढे पुरेत. प्रत्येक उत्तरानंतर "म्हणजे कसं?" किंवा "तेव्हा काय झालं होतं?" हा तुमचा खरा प्रश्न असणार आहे. कागद मांडीवर ठेवा, पण त्यात बघून वाचू नका.

जुना_पेंटर

चौकट ताईंनी चांगलं लिहिलंय. मी रंगाच्या बाजूने बोलतो, पंचवीसेक वर्षं हेच काम केलंय.

काम संपेल त्याच दिवशी व्हिडिओ घ्यायचा हे मला अजिबात पटत नाही. त्या दिवशी कुणाचंही काम चांगलंच दिसतं. ओल्या भिंतीवर पुट्टी ओढून रंग मारला तरी मे महिन्यात ती भिंत आरशासारखी असते. आपल्याकडे रंगाची परीक्षा पाऊस घेतो. चिरा पाणी पितो. गिलाव्यात बारीक भेगा असल्या तर पाणी आत जातं आणि नंतर क्षार घेऊन बाहेर येतं. मग रंगाखाली पांढरी पूड साठते, फुगा येतो, पापुद्रा सुटतो. हे सगळं पहिल्याच पावसाळ्यात दिसायला लागतं.

म्हणून गणपतीला शूटिंग होतंय ही अडचण समजू नका, तो तुमचा फायदा आहे. जून, जुलै आणि श्रावण काढलेली भिंत तुम्हाला दाखवता येईल. काकांना नेमकं हे विचारा: "तुमच्या घराला झड कुठल्या बाजूने येते?" कोकणातला कुठलाही माणूस यावर बोट दाखवून बोलेल. बहुतेक वेळा नैऋत्येची किंवा पश्चिमेची भिंत असते. मग कॅमेरा घेऊन त्या भिंतीकडे जा. जोत्याच्या वरचा हात-दीड हाताचा पट्टा, खिडकीच्या खालचे दोन कोपरे आणि पागोळ्या पडतात तिथली चिखल उडालेली जागा. बिघडलं तर इथेच आधी बिघडतं. या जागा जवळून दाखवल्यात तर जाणकार माणसाला दुसरं काही सांगावं लागणार नाही.

आणि तिथे फुगा दिसला तर शूटिंग थांबवून भावाला बोलवा. आधी दुरुस्ती, मग व्हिडिओ.

आंबेवाला

आमच्या पावसच्या घराला पण असाच प्रॉब्लेम आहे. हॉलच्या भिंतीला खालून दोन फूट ओल येते, दरवर्षी रंग निघतो. कुठल्या कंपनीचा रंग मारावा? दर काय चालू आहे?

जुना_पेंटर

आंबेवाला, हा धागा व्हिडिओचा आहे, तरी दोन ओळी लिहितो. खालून येणारी ओल जमिनीतून वर चढते. वरून कुठलाही रंग मारलात तरी तो सुटणार. सुटलेला गिलावा काढून, भिंत सुकवून, ओल अडवायचं काम आधी करावं लागतं, आणि ते दिवाळीनंतर. आत्ता पावसात हात लावू नका. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

ओटीवरची

झडीचा प्रश्न लगेच वहीत लिहिला! त्या घराची नैऋत्येची भिंत विहिरीच्या बाजूला आहे, आणि भावाने सगळ्यात जास्त मेहनत तिथेच घेतली होती. भेगा उघडून भरल्या, मग प्राइमर, मग दोन हात.

आता आणखी शंका. प्रश्न काकांना आधी पाठवू का? विचारताना भाऊ शेजारी असला तर चालेल का? आणि 4K 60 ठेवू का?

चौकट

प्रश्न पाठवू नका, विषय पाठवा. "रंगाआधीचं घर, काम चालू असतानाचे दिवस आणि पावसाळ्यानंतर काय दिसतंय यावर गप्पा मारू" एवढा निरोप पुरे. प्रश्न जसेच्या तसे पाठवले की काकू रात्री बसून उत्तरं लिहून काढतात. बरोबर हेही सांगा की जुने फोटो शोधून ठेवा. भावाने एप्रिलमध्ये काकांना जे पाठवले होते, ते आता व्हॉट्सॲपवरून घेऊ नका, तिथे ते दाबून लहान झालेले असतात. भावाच्या फोनमधले मूळ फोटो घ्या, आणि पाठवायचे झाले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

भावाला त्या वेळी तिथे थांबवू नका. आपली माणसं भिडस्त असतात. ज्याने घर रंगवलं तो समोर बसलाय म्हटल्यावर कोण म्हणेल की दोन दिवस उशीर झाला होता? आणि तो 'उशीर झाला, पण आधी फोन करून सांगितलं' असा तुकडा मिळाला तर तो दहा वेळा 'छान'पेक्षा मोलाचा असतो.

आता तांत्रिक. सागरलाटांचं 4K एका कारणासाठी बरोबर आहे. एकच शूट आडवं आणि उभं दोन्ही कापायचं असेल तर 4K मध्ये कापायला जागा मिळते. पण 60 फ्रेम नको. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची आहे. 30 किंवा 60 फ्रेमवर घेतलं तर ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी व्हिडिओत लुकलुकू शकतात, आणि मागे मोठी फिकट भिंत असली तर तिच्यावर पट्टे सरकताना दिसतात. रंगकामाच्या व्हिडिओत नेमकी भिंतच लुकलुकली तर काय उपयोग? 25 फ्रेम ठेवा, शटर 1/50. आयफोन असेल तर 25 फ्रेम आधी चालू करावं लागतं:

```
Settings > Camera > Record Video > Show PAL Formats
```

अँड्रॉइडच्या साध्या कॅमेऱ्यात हे नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप टाकून बघा, सगळ्या नाही पण बऱ्याच फोनवर चालतं.

सोनेरी उजेडाबद्दल. लग्नात तो सुंदरच दिसतो, पण इथे आपण भिंतीचा रंग दाखवतोय. संध्याकाळच्या उन्हात मोतिया रंग केशरी दिसतो आणि फिकट निळा राखाडी होतो. ग्राहक म्हणेल, हा आमचा रंगच नाही. भाद्रपदातलं ढगाळ आभाळ यासाठी उत्तम. उजेड सगळीकडून सारखा येतो आणि रंग खरा दिसतो. सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये कधीही घ्या.

सागरलाट

50 हर्ट्‌झचं मान्य. आमच्या हॉलच्या शूटिंगला पट्टे येतात ते यानेच का, आत्ता कळलं. पण ढगाळ उजेडात घर मेलेलं दिसतं हो. निदान एक बाहेरचा शॉट तरी उन्हात घ्या.

चौकट

बाहेरचा एक लांबचा शॉट उन्हात घ्यायला हरकत नाही, ऊन मिळालं तर. रंग ओळखायचे शॉट मात्र ढगाळ उजेडातलेच.

आतल्या शॉटसाठी तीन गोष्टी सांगते, कारण रंगकामाच्या व्हिडिओत घोळ इथेच होतो.

पहिली, व्हाइट बॅलन्स लॉक करा. फोन तो आपोआप ठरवत असतो. काकू पुढे झुकल्या, साडीचा लाल रंग फ्रेममध्ये वाढला, की मागची भिंत बोलता बोलता हिरवट होते. खिडकीच्या उजेडात पांढरा कागद धरून एकदा ठरवा आणि लॉक करा. त्या वेळी खोलीतले बल्ब बंद. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आला की एकच भिंत अर्धी एक आणि अर्धी एक दिसते. भावाकडे शेड कार्ड असेल तर त्या भिंतीचा तुकडा भिंतीला टेकवून दोन सेकंद घ्या. एडिटिंगच्या वेळी तोच तुमचा पुरावा.

दुसरी, एक्स्पोजर. फ्रेमभर पांढरी भिंत असली की फोनला वाटतं उजेड फार झाला. तो सगळं काळवंडून टाकतो, भिंत मळकी दिसते आणि माणसाचा चेहरा काळा पडतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, `AE/AF Lock` आलं की उजेड थोडा वर सरकवा.

तिसरी, माणसाला भिंतीला टेकवून बसवू नका. गडद भिंतीचा रंग चेहऱ्यावर उतरतो. पोपटी भिंतीजवळ बसलेला माणूस आजारी दिसतो. भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे, खिडकी एका बाजूला, तुम्ही लेन्सच्या अगदी शेजारी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यांनी तुमच्याकडे बघून बोलायचं, फोनकडे नाही.

गुहागरची_सून

मला यावर बोलायचंच आहे. आमचा होमस्टे आहे. मागे एका रंगकाम कंपनीने आमचा असाच व्हिडिओ केला. बिलात सूट देतो म्हणाले, आणि कागद हातात दिला. त्यात होतं, 'पाच वर्षं काळजी नाही.' काम होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. मी म्हटलं, पाच वर्षांचं मी कसं सांगू? तर म्हणाले, सगळेच असं बोलतात. सासूबाई समोर होत्या, पाहुणे यायचे होते, मी बोलून टाकलं. दुसऱ्या पावसात समुद्राकडच्या भिंतीचे पापुद्रे निघाले. तो व्हिडिओ अजून फिरतोय आणि आमच्याकडे राहायला येणारे तीच भिंत बघून मला विचारतात. कितीदा सांगितलं काढा म्हणून, उत्तर नाही.

ताई, तुम्ही मनापासून करताय हे दिसतंय, म्हणून एक सांगते. नंतर व्हिडिओ काढायला सांगितला तर काढू, हे आधी लिहून द्या. आमच्यासारख्याला नाही म्हणता येत नाही त्या वेळी.

चौकट

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, आणि त्याखाली जून 2022 मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. जाहिरातीत शिफारस करणाऱ्याचं मत प्रामाणिक आणि त्याच्या खऱ्या अनुभवावरचं असलं पाहिजे, असं त्यात आहे. व्यावसायिकाशी त्याचा काही आर्थिक संबंध असेल तर तो उघड सांगितला पाहिजे. म्हणजे व्हिडिओच्या बदल्यात सूट दिली असेल तर तसं व्हिडिओत लिहा. त्यापेक्षा सूट देऊच नका. गणपतीला नारळ आणि पेढे घेऊन जा, तेवढं पुरे.

आणि काका जे म्हणतील त्याला काळ जोडा. 'रंग टिकतो' असं नको. 'एप्रिलमध्ये रंग काढला, आज सप्टेंबर, पावसाळा जवळजवळ संपला, ही भिंत अशी आहे.' एवढंच त्यांनी बघितलंय, तेवढंच त्यांना बोलू द्या.

तिठो

आमच्या मालवणाकडची माणसा 'प्रमाण' बोलूक गेली की गप होतत. माज्या मावशेक असाच कोणीतरी इचारलान, "आपला अनुभव सांगा." ती म्हणाली, "अनुभव चांगला आहे," आणि गप. मगे कॅमेरो बंद केल्यार म्हणता, "गेल्या वर्सा भिंतीर हात लावलो तर पीठ येय हातार, औंदा नाय येणा." ह्या खरा बोलणा! त्यांका त्यांच्या बोलीत बोलू द्या, खाली अक्षरा घाला.

ओटीवरची

तिठो, हे अगदी पटलं. 'हाताला पीठ येत होतं' हे मला कधीच लिहून सुचलं नसतं. काकू घरी आमच्या बाजूचीच बोली बोलतात, मीही तसंच विचारीन.

गुहागरची सून, तुमचं वाचून वाईट वाटलं. संमतीचा कागद नक्की करते: कुठे कुठे टाकणार, कधीही सांगितलंत तर सात दिवसांत काढणार, आणि टाकण्याआधी तुम्हाला दाखवणार.

दिवसाचा आराखडा असा धरलाय. गणपती पाच दिवसांचा आहे. पहिल्या दिवशी कोणाला वेळ नसतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गौरी. म्हणून ऋषिपंचमीला सकाळी अकरा वाजता जायचं.

गुहागरची_सून

ऋषिपंचमीला सकाळी अकरा? काकूंना स्वयंपाकघरातून बाहेर येता येणार नाही. ऋषीची भाजी कोण करणार? उपासही असेल. दुपारी तीननंतर जा, सगळे ओटीवर लवंडलेले असतात. तेव्हा चहा घेत घेत बोलतील.

जुना_पेंटर

तीन वाजता बरं. पण ओटीवर पत्र्याची शेड आहे का बघा. पावसाची सर आली की पत्र्याखाली स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. कौलं असतील तर एवढा त्रास नाही.

चौकट

बरोबर, आवाजासाठी जागा आधी ऐकून बघा. भजनाचा स्पीकर किती लांब आहे तेही बघा. मुलाखत माजघरात घ्या, सामान, गाद्या, पडदे असतील तिथे आवाज घुमत नाही. फॅन आणि फ्रिज बंद, फोन एअरप्लेन मोडवर. फ्रिज परत चालू करायचं लक्षात राहावं म्हणून त्याच्यावर गाडीची किल्ली ठेवा. माइक साडीच्या पदराखाली नको, कापड घासतं. पदराच्या काठावर, हनुवटीपासून वीतभर खाली. बाहेर काकांना भिंतीजवळ बोलतं कराल तेव्हा माइकला वाऱ्याची फरची टोपी घाला, समुद्राकडून वारा असतोच. शेवटी खोलीत सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवून नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यं जोडताना मध्ये तीच भरायची.

वेळ एकूण दीड तास मागा. वीस-पंचवीस मिनिटं बोलणं, अर्धा तास भिंती, बाकी चहापाणी आणि मांडामांड. वीज गेली तर खोळंबा नको म्हणून फोन पूर्ण चार्ज आणि पॉवर बँक बरोबर.

तुमचा आवाज नंतर कापणार असाल तर काकांना सुरुवातीलाच सांगा की उत्तरात प्रश्न येऊ द्या. 'हो, नैऋत्येकडून' असं नको, 'आमच्या घराला झड नैऋत्येकडून येते' असं. ते विसरतील, मग प्रेमाने पुन्हा विचारा. आणि उत्तर संपलं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात चार आकडे मोजा. खरं वाक्य बऱ्याचदा त्या थांब्यानंतर येतं.

आधी-नंतरच्या शॉटसाठी एप्रिलआधीचा फोटो फोनमध्ये उघडा आणि तो जिथून काढलाय तिथेच उभं राहा. विहिरीचा कठडा, माडाचा बुंधा, काही ना काही खूण मिळते. उंचीही तीच. जवळचा आधी आणि लांबून नंतर असं दाखवलं की बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

तिठो

एक गोष्ट कोणीच लिवल्यान नाय. ही घरा वर्सातले दहा म्हयने बंद. व्हिडिओत गावाचा नाव, घराचा दार, आणि वर काका सांगतत 'आम्ही बोरिवलीक असतो, किल्ली शेजारी असता.' चोराक आणखी काय होया?

ओटीवरची

बापरे, हे खरंच. आमच्या सगळ्यात मोठ्या मुद्द्यातच हा धोका आहे. 'आम्ही इथे नव्हतो' हे तर सांगायचंय.

चौकट

तिठो यांनी मोठी गोष्ट पकडली. मार्ग असा: 'काम चालू असताना आम्ही मुंबईला होतो' एवढंच ठेवा, तो झालेला काळ आहे. घर एरवी बंद असतं, किल्ली कुठे असते, हे मुलाखतीत आलं तरी कापा. गावाचं नाव नको, 'रत्नागिरी तालुका' पुरे. पुढचं दार, कुलूप, रस्त्यावरून ओळखू येईल असा लांबचा शॉट आणि कपाट-तिजोरी टाळा. म्हणजे सागरलाटांचा उन्हातला लांबचा शॉट या घराचा नको, रत्नागिरीतल्या फ्लॅटच्या इमारतीचा घ्या. व्हिडिओ गणपतीत टाकू नका. टाकताना फोनचं लोकेशन जोडलं जात नाही ना तेही बघा.

सागरलाट

ठीक. पण भावाला न थांबवण्याबद्दल माझं अजून वेगळं मत आहे. म्हातारी माणसं अनोळखी पोरीसमोर बंद होतात. ओळखीचा माणूस बसला की खुलतात. मी रोज बघतो.

चौकट

ते अगदीच खोटं नाही. सुरुवातीला भावाने येऊन ओळख करून द्यावी, चहा घ्यावा आणि मग 'बाहेरची भिंत बघून येतो' म्हणून जावं. पण काही लोक त्यानंतरही त्याला हाक मारतात. तेव्हा काय करायचं ते तिथल्या तिथे ठरवावं लागतं.

ओटीवरची

शूटिंग झालं! तीननंतर गेलो हे बरं झालं, सकाळी खरंच काही झालं नसतं.

काका पहिली पाच मिनिटं 'सेवा उत्तम' असंच बोलत होते. 'किल्ली देण्याआधी मनात काय होतं' विचारल्यावर काकूच मध्ये पडल्या. आधीच्या रंगाऱ्याने देवघरातली लाकडी चौकट रंगाने माखली होती, ती त्यांच्या सासऱ्यांच्या हातची होती. म्हणून किल्ली देताना काकांनी एकच अट घातली होती की देवघराला हात लावायच्या आधी फोटो पाठवा. भावाने चौकटीला कागदी टेप लावून, वर प्लास्टिक बांधून तो फोटो पाठवला होता. तो फोटो काकूंच्या फोनमध्ये अजून आहे, त्यांनी तो कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवला. मी त्यानंतर त्या चौकटीचा आणि भिंतीच्या कडेचा जवळून शॉट घेतला, रेघ अगदी सरळ आहे.

नैऋत्येच्या भिंतीवर काकांनी हात फिरवला आणि कोरडा तळवा दाखवला. जोत्याचा पट्टा चांगला आहे. पण मागच्या न्हाणीघराच्या खिडकीखाली वीतभर फुगा आलाय. जुना_पेंटर काका, तुम्ही म्हणालात तसं शूटिंग थांबवून भावाला बोलावलं. त्याने बघितलं. चौकटीच्या भेगेतून पाणी येतंय आणि तो दिवाळीनंतर करून देणार आहे. काकांनी हेही कॅमेऱ्यावर सांगितलं, "एका ठिकाणी आलंय, तो आत्ताच बघून गेला."

आता घरात वाद चालू आहे. मला ते वाक्य ठेवायचंय, भावाला नको. तो म्हणतो लोक फक्त फुगा लक्षात ठेवतील.

जुना_पेंटर

भावाची बाजू मला कळते. धंद्यात एक वाईट शब्द फार लांब जातो. माझ्या मते दिवाळीनंतर दुरुस्ती करा, तिथेच काकांना परत दोन वाक्यं बोलायला लावा आणि मग दोन्ही जोडून टाका.

चौकट

दिवाळीनंतर काका नसतील ना तिथे! पुढचे शिमग्याला. मी असते तर आत्ताच ठेवलं असतं, आणि दुरुस्तीचा फोटो नंतर खाली जोडला असता. पण धंदा भावाचा आहे, निर्णय त्याचा. काका-काकूंना कच्चा व्हिडिओ दाखवणारच आहात, तेव्हा त्या वाक्याबद्दल त्यांनाही विचारा.

गुहागरची_सून

मी ग्राहक म्हणून सांगते, ते वाक्य ऐकून मी फोन केला असता.

आंबेवाला

ओलीचा वेगळा धागा काढलाय. जुना_पेंटर काका, तिथे या. आणि ताई, भावाचा नंबर व्यनि करा, दिवाळीनंतर बघायला बोलावतो.